स्लाइडवर एकच नाव राहिले, त्यानंतरचे सहा आठवडे

प्रश्न: ऐरोलीत अकरा जणांच्या सॉफ्टवेअर टीमचा मी मॅनेजर आहे. आमच्या दोन सीनियर सहकाऱ्यांनी सहकारी बँकांसाठी रोजच्या व्यवहारांचा ताळमेळ घालणारी प्रणाली नऊ महिन्यांत उभी केली. रचना सरांची, बहुतेक कोड आणि चालू झाल्यावरची दुरुस्ती मॅडमची. ग्राहकापुढच्या सादरीकरणात मात्र फक्त सरांचे नाव गेले, आणि ती स्लाइड मीच मंजूर केली होती. आता दोघे एकमेकांचा कोड रिव्ह्यूला घेत नाहीत आणि साध्या मेलमध्येही सगळ्यांना सीसी करतात. अप्रेझलला दोन महिने आहेत आणि बढतीची जागा एकच आहे. दोघांना समोरासमोर बसवून एकदाचे मिटवावे का?

उत्तर: समोरासमोर बसवावे लागेल, पण या आठवड्यात नाही. हातात कागद नसताना अशी बैठक घेतली, तर एकाच्या आठवणीविरुद्ध दुसऱ्याची आठवण उभी राहते, आणि निवाडा करण्याचे काम नकळत तुमच्यावर येते. मी ही चूक केलेली आहे. महापे येथील एका कंपनीत असताना न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनरच्या आवक-जावकीची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवरून माझ्या दोन सीनियर सहकाऱ्यांमध्ये असाच वाद झाला होता. मी दोघांना त्याच दिवशी केबिनमध्ये बोलावले, तासभर ऐकून घेतले आणि समजुतीचा तोडगा म्हणून सांगितले की साठ टक्के श्रेय एकाचे आणि चाळीस टक्के दुसऱ्याचे धरू. मला वाटले की मी न्याय केला. प्रत्यक्षात ज्याच्या वाट्याला चाळीस आले, त्याला तो आकडा कायमचा चिकटला, आणि पुढचे अनेक महिने कामाऐवजी त्या आकड्यावरच वाद होत राहिला. शेवटी त्याने राजीनामा दिला. त्याच्याकडून कामाचा ताबा घेताना मला कळले की बंदराच्या फाटकावर एकाच कंटेनरची दोनदा नोंद होण्याचा जो दोष आम्ही सुटला असे गृहीत धरले होते, तो त्याने रात्री बसून सोडवला होता आणि त्याची कुठेही नोंद नव्हती. तेव्हापासून मी सामाईक कामाचे श्रेय टक्केवारीत कधीही मांडलेले नाही. टक्केवारीत एकाचा भाग वाढला की दुसऱ्याचा घटतोच. कोणी काय केले हे वाक्यांत लिहिले, तर एकाच्या वाक्यामुळे दुसऱ्याचे वाक्य पुसले जात नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी मान्य करावी लागेल. स्लाइड तुम्ही मंजूर केली होती, त्यामुळे या वादात तुम्ही मध्यस्थ नाही, तिसरे पक्षकार आहात. दोघांचे काही ऐकण्यापूर्वी, दोघांना वेगवेगळे भेटून हे स्पष्ट शब्दांत सांगा: "त्या स्लाइडवर तुमच्या दोघांची नावे असायला हवी होती. मी ती न तपासता पुढे पाठवली. ही चूक माझी आहे आणि ती मी ग्राहकापुढे दुरुस्त करणार आहे." मॅडमना "तुमचे काम मला माहीत आहेच" असे सांगून थांबू नका. तुम्हाला माहीत आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक आहे; ज्यांना माहीत नाही अशा लोकांसमोर त्यांचे नाव वगळले गेले, ही त्यांची तक्रार आहे. आणि त्यांच्या सहकाऱ्याला हे ऐकायला मिळणेही तितकेच आवश्यक आहे, कारण चूक तुम्ही स्वतःकडे घेतली नाही, तर स्वतःचा बचाव करत राहण्याशिवाय त्यांच्यापुढे मार्ग उरत नाही.

या दोन्ही भेटी एकाच दिवशी ठेवा. एक सोमवारी आणि दुसरी गुरुवारी झाली, तर मधल्या दिवसांत अकरा जणांच्या टीममध्ये काय काय तर्क होतात, हे तुम्हाला सांगायला नको. प्रत्येकाला पूर्ण तासभर द्या. त्या तासातला पहिला प्रश्न "तुम्ही काय केले" असा नसावा. आधी दुसऱ्या व्यक्तीने या नऊ महिन्यांत काय काय केले ते लिहायला सांगा, आणि तेही मोघम नव्हे, तर कामानुसार. याला कारण आहे. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठातील मायकेल रॉस आणि फिओर सिकोली यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पती-पत्नींना घरातल्या कामांतला स्वतःचा वाटा विचारला होता, आणि दोघांनी सांगितलेल्या वाट्यांची बेरीज पूर्णापेक्षा जास्त भरत होती. विशेष म्हणजे भांडणाला सुरुवात करण्यासारख्या नावडत्या गोष्टीही त्या यादीत होत्या. म्हणजे हा केवळ मोठेपणाचा हव्यास नसतो. स्वतःचे कष्ट आपण जवळून पाहिलेले असतात, म्हणून ते आधी आठवतात. दुसऱ्याच्या कामाची एकेक बाब आठवायला लावली, की स्वतःच्या वाट्याबद्दलचा अंदाज खाली येतो, हेही पुढच्या संशोधनात दिसले आहे.

मात्र या उपायाला एक मर्यादा आहे आणि ती पाळली नाही तर तो उलटतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की दुसऱ्यांचा वाटा विचारात घ्यायला लावल्यावर दावे कमी झाले, पण ज्यांनी खरोखर जास्त काम केले होते, त्यांचे समाधान आणि पुन्हा एकत्र काम करण्याची इच्छा दोन्हीही घटली. यामागचा माझा अर्थ सरळ आहे: दुसऱ्याची यादी लिहिताना त्या माणसाला आपण किती ओझे वाहिले हे अधिकच ठळकपणे दिसते. म्हणून दुसऱ्याबद्दल लिहून झाल्यावर तिथेच उठू नका. त्याच तासात विचारा, "यातला कोणता भाग तुमच्याशिवाय कोणालाच दिसला नाही, असे तुम्हाला वाटते?" आणि ते उत्तर त्यांच्या शब्दांत लिहून घ्या.

या प्रश्नाच्या उत्तरातून वादाचे खरे मूळ बहुधा बाहेर येते. तुमच्या दोघांचे दुःख वेगवेगळ्या जातीचे असावे, असा माझा अंदाज आहे. रचना करणाऱ्याला वाटते की रचना चांगली असली की ती दिसेनाशी होते. सहा महिन्यांनी लोक फक्त पडदे आणि अहवाल पाहतात, आणि "हे असेच करायचे असते" असे म्हणू लागतात. त्यामुळे सादरीकरण ही त्यांना आपले काम दिसण्याची एकमेव संधी वाटली असेल. उभारणी आणि दुरुस्ती करणाऱ्याचे काम दुसऱ्या प्रकारे नाहीसे होते. रात्री दोन वाजता आलेला फोन घेऊन सकाळी बँक उघडण्यापूर्वी दोष दूर केला, की सकाळी सांगण्यासारखे काही घडलेलेच नसते. या कामाला टीममध्ये सहज "सपोर्ट" म्हटले जाते, आणि सीनियर स्त्री ते करत असेल तर ते तिच्या जबाबदारीचाच भाग मानून अधिकच गृहीत धरले जाते. हा शब्द तुमच्या बोलण्यात किती वेळा येतो, ते एकदा तपासून पाहा.

यानंतरचा आठवडा नोंदवहीसाठी द्या. मी तिला नोंदवही म्हणतो, पण ती दीड-दोन पानांचा एक कागद असते. त्यात माणसांच्या नावाने मथळे नसतात. प्रकल्पातल्या आठ-दहा मोठ्या निर्णयांच्या नावाने असतात. प्रत्येक निर्णयाखाली चार गोष्टी लिहायच्या: प्रथम कोणी सुचवले, कोणी ते प्रत्यक्षात आणले, चालू झाल्यावर कोणी टिकवले, आणि यांपैकी प्रत्येकाला पुरावा काय, म्हणजे तिकिटाचा क्रमांक, रचनेच्या कागदाची तारीख किंवा बैठकीची टिपणे. पुरावा नसेल तर ती ओळ काढून टाकू नका. "दोघांच्या सांगण्यावरून" असे लिहून ठेवा.

तुमच्यासारख्या प्रणालीतली एक नोंद मी इथे पूर्ण करून दाखवतो, म्हणजे ही पद्धत टक्केवारीपेक्षा वेगळी का ठरते ते लक्षात येईल. समजा निर्णय आहे: स्विचकडून आलेला व्यवहार आणि बँकेच्या खातेवहीतला व्यवहार एकच आहे, हे कशावरून ठरवायचे. रचना करणाऱ्याने पहिल्या महिन्यात ठरवले की बारा अंकी संदर्भ क्रमांक, रक्कम आणि तारीख या तिन्ही जुळल्या तर व्यवहार जुळला. हा नियम रचनेच्या कागदात आहे. चाचणीत मात्र असे दिसले की मध्यरात्रीच्या सुमाराचे व्यवहार एका फाइलमध्ये आधीच्या दिवसाचे आणि दुसऱ्या फाइलमध्ये नंतरच्या दिवसाचे म्हणून येतात, आणि रोज ते विनाकारण न जुळलेल्यांच्या यादीत पडतात. मॅडमनी तारखेची अट सैल करून एका दिवसाची मुभा दिली, आणि त्यामुळे दोन वेगळे व्यवहार चुकून जुळू नयेत म्हणून टर्मिनलचा क्रमांकही तपासायला घेतला. हे तिकिटात आहे. तिसऱ्या टप्प्यात, प्रणाली चालू झाल्यावर, रद्द होऊन परत आलेल्या रकमा मूळ व्यवहाराशी जोडण्याचा प्रश्न आला आणि तो दोघांनी फळ्यासमोर उभे राहून सोडवला. त्याचा पुरावा म्हणजे फळ्याचा मोबाइलवर काढलेला फोटो. आता या नोंदीत "जुळणीचा नियम कोणाचा" या प्रश्नाला एका नावाचे उत्तरच नाही. पहिला नियम त्यांचा, तो खऱ्या फाइलींवर टिकेल असा करणे मॅडमचे, आणि तिसरा टप्पा दोघांचा. तिन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. अशा सहा-सात नोंदी झाल्या, की "रचना सरांची, कोड मॅडमचा" ही तुमच्या प्रश्नातली विभागणी किती ढोबळ आहे, हे तुम्हालाच दिसेल. माझ्या मते वाद वाढायला ही विभागणीही कारणीभूत आहे, कारण तिच्यात विचार एका बाजूला आणि मेहनत दुसऱ्या बाजूला पडते.

याच कागदावर तिसरी माणसेही दिसू लागतात. चाचणीसाठी महिनाभराच्या जुन्या फाइली गोळा करून त्यातली नावे आणि खाते क्रमांक झाकण्याचे काम एखाद्या ज्युनिअरने केले असेल, तर त्याचे नाव इथे यायलाच हवे. दोन सीनियरांच्या भांडणात ही नावे सर्वांत आधी गळतात.

पुराव्यासाठी गिटकडे वळण्याचा मोह होईल, म्हणून एक सावधगिरी सांगतो. कमिटची संख्या मोजून दोघांसमोर ठेवू नका. शाखा मुख्य कोडमध्ये घेताना स्क्वॉश केलेली असेल, तर अनेकांचे काम एकाच्या नावाखाली दिसते. एकाच संगणकासमोर दोघे बसले असतील, तर ज्याच्या खात्यावरून कमिट झाले त्याचेच नाव उरते. आणि ओळीपुढे दिसणारे नाव हे ती ओळ शेवटची बदलणाऱ्याचे असते, तो विचार करणाऱ्याचे नव्हे. एखाद्या वादग्रस्त फाइलसाठी पाहायचेच असेल, तर निदान असे पाहा:

```
git blame -w -M -C <file>
```

यातल्या पर्यायांमुळे केवळ मोकळ्या जागा बदलणारे, किंवा ओळी एकीकडून दुसरीकडे हलवणारे कमिट बाजूला राहतात. तरीही याचा उपयोग तारखा आणि तिकिटे शोधण्यापुरताच करावा.

नोंदवहीचा मसुदा दोघांना स्वतंत्रपणे पाठवा आणि दोन दिवस द्या. प्रत्येकाला फक्त दोनच गोष्टी करायला सांगा: जे राहिले ते भरा, आणि जे चुकीचे वाटते त्यासमोर पुरावा लिहा. दुसऱ्याची ओळ खोडायची परवानगी देऊ नका. मगच एकत्र बैठक घ्या, ती पाऊण तासाची असावी आणि तिचा विषय फक्त मतभेद असलेल्या ओळी एवढाच असावा. माझ्या अनुभवात दहातल्या दोन किंवा तीनच ओळी अशा उरतात. प्रत्येक ओळीवर आधी ज्याचा आक्षेप नाही त्याने बोलावे. दोघांचे एकमत झाले नाही, तर दोन्ही म्हणणी एकाखाली एक लिहून ओळ तशीच ठेवा. सगळ्या ओळी मिटल्याच पाहिजेत असा आग्रह धरला, तर ज्याचा स्वभाव मऊ तो माघार घेतो, आणि ती माघार पुढे दुसऱ्या कुठल्यातरी कामात वसूल होते.

मसुदा तयार करताना एक शक्यता डोळ्यांआड करू नका. सादरीकरणाच्या फाइलचा बदलांचा इतिहास पाहा. आधीच्या आवृत्तीत दोन नावे होती आणि नंतर कोणी एक नाव जाणूनबुजून काढले असे दिसले, तर हा आठवणींचा फरक उरत नाही. तेव्हा नोंदवही आणि समेट थांबवून तो वर्तनाचा प्रश्न म्हणून तुमच्या वरिष्ठांकडे आणि एचआरकडे न्यावा लागेल. पण मुळातच स्लाइडवर एक नाव होते, कारण "तुमच्या भागाची स्लाइड करा" असे सांगितले गेले होते आणि त्यांनी तसेच केले, असे दिसण्याची शक्यता मला अधिक वाटते.

चूक ज्या ठिकाणी झाली, तिथेच ती दुरुस्त व्हायला हवी. टीमच्या ग्रुपवर दोघांचे अभिनंदन केल्याने ग्राहकापुढे राहिलेले नाव भरून निघत नाही. सादरीकरणाला जे जे हजर होते, त्या सर्वांना तुमच्या नावाने एक छोटा मेल जाऊ द्या: सादरीकरणात संघाची नावे अपुरी गेली, ती चूक माझी होती, प्रणालीची मूळ रचना अमुक यांची, तिची उभारणी, मध्यरात्रीच्या व्यवहारांसाठी केलेला जुळणीचा बदल आणि चालू झाल्यानंतरची जबाबदारी अमुक यांची, परताव्यांची जोडणी दोघांची, आणि चाचणीची सामग्री अमुक यांची, सोबत सुधारित स्लाइड जोडली आहे. मेल पाठवण्याआधी दोघांना वाचायला द्या. त्यात कोणाच्याही नावापुढे विशेषणे नकोत. एकाला "अथक परिश्रम" आणि दुसऱ्याला "दूरदृष्टी" दिली, की पुन्हा तीच विभागणी उभी राहते.

आता बढती. माझा स्पष्ट सल्ला असा की नोंदवही बढतीचा निकष म्हणून वापरू नका, आणि हे पहिल्या भेटीतच दोघांना सांगा. एकच जागा असताना तुम्ही हा कागद गुणपत्रिका म्हणून वापरणार आहात अशी शंका जरी आली, तरी प्रत्येक ओळ खटल्यासारखी लढवली जाईल. बढती वरच्या जागेवरचे काम कोण करू शकेल यावर ठरते, आणि त्यासाठी या एका प्रकल्पाबाहेरचे वर्षभराचे कामही पाहावे लागते. शिवाय स्लाइडची चूक तुमची असल्याने, या दोघांच्या मूल्यमापनात तुमच्यासोबत आणखी एक वरिष्ठ असावा, अशी विनंती तुम्ही स्वतःच करा. ज्याला जागा मिळणार नाही, त्याला ते तुमच्या तोंडून, यादी जाहीर होण्यापूर्वी आणि कारणासह कळले पाहिजे. दुसरी जागा पुढच्या वर्षी नक्की, असे आश्वासन मात्र देऊ नका. ते देणे तुमच्या हातात नाही.

पुढच्या कामासाठी एकच नियम पुरेसा आहे. दोघांनी मिळून केलेल्या प्रत्येक कमिटच्या संदेशात, शेवटी एक ओळ मोकळी सोडून, दुसऱ्याचे नाव लिहिले जावे:

```
Co-authored-by: Name <name@example.com>
```

गिटहब आणि गिटलॅब दोन्ही ही ओळ ओळखतात. रचनेच्या कागदावरही लेखकांची नावे सुरुवातीलाच लिहिली जावीत आणि मोठा बदल करणाऱ्याने स्वतःचे नाव त्यात भरावे. नऊ महिन्यांनंतर आठवून लिहिण्यापेक्षा त्या दिवशी लिहिणे फार सोपे असते.

हे सगळे उपयोगी पडते आहे का, ते मेल पाठवल्यानंतर दोन आठवड्यांनी आणि पुन्हा सहा आठवड्यांनी पाहा. दोघे हसून बोलतात का, यावर विसंबू नका; सीनियर माणसे दुराव्यातही सभ्य वागतात. सीसीची यादी आखूड झाली का, आणि मुख्य म्हणजे दोघे एकमेकांच्या कोडवर खऱ्या हरकती घेतात का, ते पाहा. कोणतीही सूचना न देता मिनिटभरात मंजूर केलेला रिव्ह्यू हे समेटाचे लक्षण नाही, टाळाटाळीचे आहे. तसेच दोघांमधले निरोप एखादा ज्युनिअर पोचवू लागला असेल, तर त्याला त्या कामातून ताबडतोब सोडवा. सहा आठवड्यांनंतरही रिव्ह्यू तसेच मुके राहिले, तर दोघांना जबरदस्तीने एका कामात बांधून ठेवू नका. जुळणीचा भाग एकाकडे आणि फाइली स्वीकारण्याचा व परताव्यांचा भाग दुसऱ्याकडे द्या, त्यांच्यामधली देवाणघेवाण लेखी ठरवा, आणि रिव्ह्यूसाठी प्रत्येक भागावर तिसरा माणूस नेमा.